डॅशकॅम चित्रफितींची पुरावाक्षमता

डॅशकॅमची चित्रफीत पुरावा म्हणून टिकेल की नाही, हे ती कशी उतरवली यावर बरेचसे अवलंबून असते. कॅमेऱ्याच्या वाय-फायला फोन जोडून ॲपमधून मूळ फाइल घेता येते. थेट दृश्याचे स्क्रीन-रेकॉर्डिंग ही मूळ फीत नव्हे. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठविल्यास फाइल संकुचित होते आणि तिचे हॅशमूल्य बदलते. कार्ड भरल्यावर जुन्या फिती पुसल्या जात असल्याने अपघातानंतर कार्ड काढून ठेवणे इष्ट.

चित्रावरील वेग बहुधा जीपीएसवरून येतो. रे रोड परिसरात पूर्व मुक्त मार्गाच्या पुलाखाली संकेत क्षीण झाल्यास तो चुकीचा दिसू शकतो. अशा वेळी पुलाच्या खांबांमधील अंतर मोजून पडताळा घेता येतो: ३० मीटर अंतर ३ सेकंदांत कापले असल्यास सरासरी वेग ताशी ३६ किलोमीटर ठरतो. जीपीएस नसलेल्या कॅमेऱ्याचे घड्याळ मागेपुढे असल्यास तो फरक नोंदवावा. फितीत दुरुस्ती करू नये.

जालन्यातील निवडणूक वादातून उद्भवलेल्या अर्जुन पंडितराव खोतकर खटल्यात (२०२०) सर्वोच्च न्यायालयाने इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य ठरविले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्या प्रमाणपत्रात हॅशमूल्यही नोंदवावे लागते.