सिस्ट सापडली, पण रक्त कुठून जाते?

औंढा नागनाथ तालुक्यातला ५४ वर्षांचा एक शेतकरी उदाहरण म्हणून घेऊ. दोन एकर हळद, बाकी सोयाबीन. तीन-चार महिन्यांपासून थोडे चालले तरी धाप लागते, हळदीचे पोते उचलवत नाही. पोटात दुखत नाही, जुलाब नाहीत, आव पडत नाही. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅकची गोळी मात्र बहुतेक रोज चालू आहे. रक्त तपासले तर हिमोग्लोबिन ८.२ आणि लाल पेशी नेहमीपेक्षा लहान. मग डॉक्टरांनी संडासची तपासणी सांगितली. रिपोर्ट आला तो असा : रंग तपकिरी, आव नाही, पस सेल्स ४ ते ६, ओव्हा नॉट सीन, सिस्ट ऑफ ई. हिस्टोलिटिका सीन, ऑकल्ट ब्लड पॉझिटिव्ह.

असा रिपोर्ट हातात पडला की पुष्कळदा शेवटच्या दोन ओळी एकमेकींना जोडल्या जातात. पोटात अमीबा आहे, त्यानेच आतड्याला जखम केली, म्हणून रक्त जाते, असा अर्थ लावून मेट्रोनिडॅझोलचा कोर्स दिला जातो आणि विषय तिथे संपतो. मला या जोडणीचीच काळजी वाटते. या दोन ओळी वेगवेगळ्या गोष्टी सांगतात आणि या शेतकऱ्याच्या बाबतीत त्यांचा एकमेकींशी संबंध असण्याची शक्यता फार कमी आहे.

आधी सिस्ट घेऊ. अमीबाची दोन रूपे असतात. हलते-फिरते रूप म्हणजे ट्रोफोझोइट. आतड्याच्या अस्तरात घुसणारे आणि लाल पेशी गिळणारे ते हेच. सिस्ट हे त्याचे निजलेले रूप. गोल, जाड कवचाचे, मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढे. ते शौचातून बाहेर पडते आणि पाण्यातून, भाजीपाल्यातून दुसऱ्याच्या पोटात जाते. एखाद्याच्या शौचात सिस्ट दिसली तर त्याने कधीतरी दूषित काही खाल्ले-प्यायले, एवढे नक्की. आतड्याला जखम झाली आहे, हे त्यावरून ठरत नाही. अमीबाने खरोखर जखम केली तर सहसा पोटात मुरडा येतो आणि रक्तमिश्रित आव पडते. आपल्या शेतकऱ्याला यातले काहीच नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. एंटअमीबा हिस्टोलिटिका हा रोग करणारा अमीबा. त्याच्यासारखाच हुबेहूब दिसणारा, पण निरुपद्रवी असा एंटअमीबा डिस्पार नावाचा भाऊ त्याला आहे. दोघांच्या सिस्टमध्ये जास्तीत जास्त चार केंद्रके, आकार तोच. दोन वेगळ्या जाती असाव्यात हे फ्रेंच शास्त्रज्ञ एमिल ब्रुम्प्ट यांनी १९२५ मध्येच मांडले होते, पण ते मान्य व्हायला १९९३ साल उजाडले. १९९७ मध्ये मेक्सिको शहरात जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले की, केवळ सूक्ष्मदर्शकात सिस्ट दिसली तर रिपोर्टमध्ये ‘हिस्टोलिटिका किंवा डिस्पार’ असेच लिहावे आणि लक्षणे नसताना तेवढ्यावरून औषध देऊ नये. जगभरात अशा सिस्ट बाळगणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे डिस्पारच असतो. दोघांना वेगळे ओळखायला अँटिजेन किंवा पीसीआर चाचणी लागते. काचपट्टीवर ट्रोफोझोइटच्या पोटात गिळलेल्या लाल पेशी दिसल्या, तर मात्र तो हिस्टोलिटिका मानतात.

पण ट्रोफोझोइट दिसायला नमुना ताजा हवा. पातळ शौच अर्ध्या तासात काचपट्टीवर गेले पाहिजे. गावातून डबी घेऊन एसटीने औंढ्याला किंवा हिंगोलीला पोहोचेपर्यंत ट्रोफोझोइट मरून आकारहीन होतात. घट्ट शौचातल्या सिस्ट आणि अंडी मात्र बराच काळ टिकतात. शिवाय पांढऱ्या पेशी, विशेषतः मोठ्या भक्षक पेशी, घाईत पाहणाऱ्याला अमीबासारख्या वाटतात. आयोडिनचा थेंब टाकून केंद्रके मोजली, तर एंटअमीबा कोलाय नावाचा आठ केंद्रकांपर्यंत जाणारा निरुपद्रवी अमीबाही वेगळा काढता येतो. प्रयोगशाळेतल्या माणसाला यासाठी वेळ मिळाला पाहिजे. ढीगभर डब्या समोर असताना तो मिळत नाही.

आता ‘ऑकल्ट ब्लड पॉझिटिव्ह’. ऑकल्ट म्हणजे डोळ्याला न दिसणारे रक्त. निरोगी आतड्यातूनही रोज एक मिलिलिटरच्या आसपास रक्त जाते. जठरातून ५० मिलिलिटर किंवा अधिक रक्त गेले, तर शौच डांबरासारखे काळे होऊ लागते. या दोहोंच्या मधला रक्तस्राव महिनोन्‌महिने चालू राहिला तरी कळत नाही आणि हिमोग्लोबिन मात्र उतरत जाते.

ही चाचणी दोन प्रकारांनी होते आणि आपल्याकडच्या कितीतरी रिपोर्टांवर त्यातला कोणता प्रकार वापरला हे लिहिलेले नसते. ते जरूर विचारावे, कारण उत्तराचा अर्थ त्यावर बदलतो. जुनी पद्धत रासायनिक. रक्तातले हीम हायड्रोजन पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन मोकळा करते आणि त्याने कागदावरचे किंवा नळीतले द्रव्य निळे होते. हीम माणसाचे की मटणातले, हे या रसायनाला कळत नाही. कच्चा मुळा, सलगम यांतल्या पेरॉक्सिडेज विकरामुळेही रंग येऊ शकतो. उलट ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या चालू असतील, तर रक्त असूनही रंग येत नाही. म्हणून या पद्धतीत तीन दिवस आधीपासून मटण, मुळा आणि त्या गोळ्या बंद ठेवायला सांगतात. लोहाच्या गोळ्यांनी शौच काळसर होते, पण तेवढ्याने चाचणी पॉझिटिव्ह येत नाही.

नवी पद्धत ‘फिट’ या नावाने ओळखली जाते. ती माणसाच्याच हिमोग्लोबिनमधले ग्लोबिन हे प्रथिन प्रतिपिंडांच्या मदतीने पकडते, त्यामुळे पथ्य लागत नाही. पण ग्लोबिन हे प्रथिनच असल्याने जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला सांडलेल्या रक्तातले ग्लोबिन वाटेतच पचून जाते. म्हणून फिट मोठ्या आतड्यातल्या रक्तासाठी चांगली आणि जठरातल्या व्रणासाठी आंधळी. मोठ्या आतड्यातही ती अचूक नाही. तिथल्या पाच कर्करोगांपैकी साधारण एक एका चाचणीत निसटतो, कारण गाठीतून रक्त रोज झिरपतेच असे नाही. त्यामुळे एकदा पॉझिटिव्ह आलेली चाचणी पुन्हा केली आणि निगेटिव्ह आली, म्हणून पहिली खोटी ठरत नाही.

आपल्या शेतकऱ्याची चाचणी रासायनिक होती असे धरू. मग रक्त चार ठिकाणांहून जात असू शकते. डायक्लोफिनॅकने जठरात पडलेला व्रण, लहान आतड्याला चिकटलेले हूकवर्म म्हणजे अंकुशकृमी, मोठ्या आतड्यातली गाठ, किंवा मूळव्याध. हिमोग्लोबिन ८.२ असताना मटण-मुळ्याला दोष देऊन थांबता येत नाही.

अंकुशकृमीचा विचार इथे करायलाच हवा. त्याच्या अळ्या ओल्या, सावलीतल्या मातीतून अनवाणी पायाच्या त्वचेत घुसतात. बोटांच्या बेचक्यात खाज येते, ती काही दिवसांत जाते आणि विसरली जाते. चिकण काळ्या मातीत त्यांना फिरणे अवघड असते, भुसभुशीत जमीन जास्त मानवते. म्हणून हळदीच्या पाणी दिलेल्या, शेणखताने मोकळ्या झालेल्या गादीवाफ्यांजवळ कुणी उघड्यावर शौचाला बसत असेल, तर अनवाणी काम करणाऱ्याला धोका राहतो. एक कृमी जातीनुसार दिवसाला ०.०३ ते ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो. मोठ्या जातीचे ५० कृमी असतील तर रोज सुमारे १० मिलिलिटर रक्त आणि त्याबरोबर तीन-चार मिलिग्रॅम लोह जाते. त्यातले काही आतडे परत शोषते, पण रोजच्या जेवणातून जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह अंगी लागणाऱ्या माणसाला ही तूट भरून काढता येत नाही.

पण रिपोर्टमध्ये तर ‘ओव्हा नॉट सीन’ आहे. अंडी दिसली नाहीत याचा अर्थ साध्या काचपट्टीवर घेतलेल्या काडीच्या टोकाएवढ्या शौचात ती आली नाहीत, इतकाच. एक-दोन दिवसांआड तीन नमुने द्यावेत आणि शक्य असेल तर संपृक्त मिठाच्या पाण्याची पद्धत वापरायला सांगावे. त्यात अंकुशकृमीची पातळ कवचाची अंडी वर तरंगतात आणि काचेला चिकटतात. नमुना कोरड्या डबीत घ्यावा, लघवी आणि संडासातले पाणी त्यात मिसळू देऊ नये. डबी एक-दोन दिवस उन्हाळ्यात तशीच पडली, तर अंडी फुटून अळ्या बाहेर येतात आणि त्या दुसऱ्याच कृमीच्या वाटतात.

संडासच्या तपासणीतले आणखी एक नाव म्हणजे कॅलप्रोटेक्टिन. ही चाचणी बहुधा मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवावी लागते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्या आतले हे प्रथिन. आतड्याला सूज आली की या पेशी तिथे जमतात आणि शौचात ते उतरते. दर ग्रॅम शौचात ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल तर सूज नसल्यात जमा. २५० च्या वर गेले तर सूज असण्याची शक्यता बरीच. आपल्या शेतकऱ्याचा आकडा १८० आला असे समजा. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामकांनी तो एवढा वाढू शकतो, म्हणून गोळी काही आठवडे बंद ठेवून चाचणी पुन्हा करतात. पण मुळात याच्यासाठी ही चाचणी नव्हतीच. ती उपयोगी पडते ती महिनोन्‌महिने जुलाब आणि पोटदुखी असलेल्या तरुण माणसात, आतडे नुसतेच संवेदनशील आहे की सुजले आहे हे ठरवायला. आपल्या देशात तर आणखी एक सावधगिरी हवी. आकडा ६०० आला तरी तो क्रोन्स आजार सांगत नाही. आतड्याचा क्षयही तेवढाच आकडा देतो आणि क्षय आहे हे न ओळखता क्रोन्सची स्टेरॉइड दिली तर क्षय पसरतो. तिथे कोलोनोस्कोपी करून तुकडा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

म्हणजे या ५४ वर्षांच्या माणसाला कॅलप्रोटेक्टिनचा आकडा कितीही कमी आला, पुढच्या वेळी ऑकल्ट ब्लड निगेटिव्ह आले, तरी वरून आणि खालून अशी दोन्ही दुर्बिणीची तपासणी लागेलच. पुरुषाला पाळी नसते. त्याचे लोह कमी झाले तर ते पोटातून जात आहे असे धरून शोध घ्यावा लागतो. औंढ्याहून नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाणे हा त्याच्या दृष्टीने दिवस मोडणारा प्रवास आहे, पण मेट्रोनिडॅझोलचा कोर्स त्याची जागा घेऊ शकत नाही. ते औषध तर निजलेल्या सिस्टवर नीट चालतही नाही. अमीबा खरोखर हिस्टोलिटिका निघाला तर आतड्याच्या पोकळीत काम करणारे डायलोक्सॅनाइडसारखे औषध वेगळे द्यावे लागते.

दरम्यान डायक्लोफिनॅक बंद, लोहाची गोळी सुरू आणि अंकुशकृमीची अंडी सापडली तर ४०० मिलिग्रॅमची अल्बेंडाझोल. गोळीनंतर दोन-तीन आठवड्यांनी नमुना पुन्हा द्यावा, कारण एका गोळीने सगळे कृमी मरतातच असे नाही. लोह नीट घेतले आणि रक्त जाणे थांबले, तर तीन-चार आठवड्यांत हिमोग्लोबिन साधारण दोनने वाढते. ८.२ चे १० झाले नाही आणि दुर्बिणीत काही सापडलेले नसेल, तर रक्त अजून कुठून तरी जाते आहे किंवा लोह अंगी लागत नाही. मग लहान आतड्याची तपासणी करायची.