मुदत ठेवीचा दर आणि दुकानदाराचा हिशेब

मुदतीची हुंडी मुदतीआधी वटवायची असेल, तर सराफ तिच्या रकमेतून काही भाग कापून घेई आणि उरलेले पैसे हातावर ठेवी. कापलेली रक्कम म्हणजे वटाव. पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढताना अर्थशास्त्र हेच करते. दरवर्षी शेकडा किती कापायचे हे ज्या दराने ठरते, तो वटाव दर. मोठ्या कंपन्या हा दर भागधारकांच्या अपेक्षा, कर्जाचे व्याज आणि बाजारातली जोखीम यांच्या मोजमापातून ठरवतात. वाण्याच्या दुकानात तो खटाटोप होत नाही आणि त्याची गरजही नसते. तिथे एक दर आयताच ठाऊक असतो, तो म्हणजे बँकेच्या मुदत ठेवीचा. ‘हे पैसे एफडीत टाकले असते तर काय मिळालं असतं?’ असे दुकानदार स्वतःला विचारतो, तेव्हा त्याने वटाव दर निवडलेलाच असतो.

ही निवड बरीचशी योग्य आहे. गल्ल्यातून काढलेला रुपया एका ठिकाणी गुंतवला की दुसऱ्या ठिकाणी मिळाले असते ते उत्पन्न हुकते, आणि ठेव ही कोणालाही सहज मिळणारी ‘दुसरी जागा’ आहे. शिवाय ती जवळजवळ बिनधोक आहे, कारण एका बँकेत एका ठेवीदाराच्या पाच लाख रुपयांपर्यंतच्या रकमेला, व्याज धरून, ठेव विमा महामंडळाचे संरक्षण असते. पतसंस्थांच्या ठेवींना हा विमा नाही. म्हणून पतसंस्था दोन-अडीच टक्के जास्त देत असेल, तर त्या जादा टक्क्यांत धोक्याचा मोबदलाही असतो. तो दर बिनधोक म्हणून वापरू नये.

एक उदाहरण घेऊ. किराणा दुकानदाराला आइस्क्रीम आणि गोठवलेले पदार्थ ठेवण्यासाठी चाळीस हजारांचा डीप फ्रीझर घ्यायचा आहे. (आइस्क्रीम कंपन्या अनामत रक्कम घेऊन स्वतःचा फ्रीझर देतात, पण मग त्यात दुसऱ्याचा माल ठेवता येत नाही. इथे तो पर्याय नको आहे असे धरू.) वर्षाला दीड लाखाची जादा विक्री होईल असा अंदाज आहे. त्यावर १८ टक्के सुटले तर २७ हजार येतात. वीजबिलाचे १४ हजार आणि दुरुस्ती व वितळून वाया जाणाऱ्या मालाचे दोन हजार वजा केले की ११ हजार उरतात. फ्रीझर पाच वर्षे चालेल आणि शेवटी जुन्या बाजारात त्याचे पाच हजार येतील.

सरळ बेरीज केली तर पाच वर्षांचे ५५ हजार आणि मोडीचे पाच हजार, म्हणजे एकूण साठ हजार. चाळीस हजारांवर वीस हजारांचा फायदा! पण हे पैसे एकदम येत नाहीत. ठेवीचा दर सात टक्के धरला, तर वर्षाने मिळणाऱ्या ११ हजारांची आजची किंमत १०,२८० रुपये होते, कारण आज १०,२८० रुपये बँकेत ठेवले तर वर्षाने तेवढेच ११ हजार होतात. दोन वर्षांनी मिळणाऱ्या रकमेला १.०७ ने दोनदा भागायचे, तीन वर्षांच्या रकमेला तीनदा. पाचव्या वर्षीचे ११ हजार आज फक्त ७,८४३ रुपयांचे असतात. पाचही वर्षांची बेरीज सुमारे ४५,१०० येते आणि मोडीच्या पाच हजारांची आजची किंमत सुमारे ३,५६५. दोन्ही मिळून ४८,७०० च्या आत-बाहेर. खर्च चाळीस हजार, म्हणजे ठेवीपेक्षा फ्रीझर साडेआठ हजारांनी सरस ठरला. फायदा आहे, पण वीस हजारांचा नाही.

या हिशेबात कोणता दर घ्यायचा, याकडे थोडे लक्ष द्यावे लागते. जुन्या पावतीवरचा दर नव्हे, तर आज नवी ठेव ठेवली तर मिळेल तो, आणि तोही गुंतवणुकीच्या मुदतीशी जुळणारा हवा. पाच वर्षांच्या फ्रीझरला एक वर्षाच्या ठेवीचा दर लावला तर माप चुकते. ठेवीच्या व्याजावर प्राप्तिकर भरावा लागत असेल, तर हाती उरणारा दर आणखी कमी असतो आणि मग नफाही कर वजा करूनच धरावा लागतो. महागाईची चूक यापेक्षा जास्त वेळा होते. ठेवीच्या सात टक्क्यांत महागाईची भरपाई धरलेली असते. म्हणून पुढच्या वर्षांचा नफा त्या त्या वर्षीच्या वाढलेल्या भावांनी मांडला, तरच सात टक्के लावणे बरोबर. सगळी वर्षे आजच्याच भावाने ११ हजार धरली आणि महागाई चार टक्के असेल, तर खरा वटाव दर जेमतेम तीन टक्के ठरतो. आजचे भाव आणि पूर्ण सात टक्के यांची सांगड घातली की चांगला प्रस्तावही उगाच वाईट दिसतो.

पहिली मोठी मर्यादा मात्र वेगळीच आहे. ठेवीचे व्याज ठरलेले असते, फ्रीझरचा नफा तसा ठरलेला नसतो. उन्हाळा अवकाळी पावसाचा गेला आणि वर्षाची जादा विक्री दीड लाखाऐवजी एक लाख तीस हजार झाली, तर सुटणारी रक्कम ३,६०० रुपयांनी घटते. वीजबिल मात्र तेवढेच येते, कारण फ्रीझर रिकामा असला तरी चालूच ठेवावा लागतो. मग ११ हजारांऐवजी ७,४०० उरतात. दरवर्षी असेच झाले, तर सात टक्क्यांनीच आजची किंमत मोडीसकट ३४ हजारांच्या खाली येते आणि सहा हजारांचे नुकसान होते. विक्री साधारण तेरा टक्क्यांनी घसरली आणि निर्णय उलटला. दुकानदाराची रात्रीची झोप उडवायची तर या आकड्याने उडवावी, व्याजदरातल्या अर्ध्या टक्क्याने नव्हे.

धोका आहे म्हणून दर वाढवायचा, सातऐवजी बारा धरायचा, असा सल्ला नेहमी दिला जातो. त्याने काय होते ते पाहू. पहिल्या वर्षीच्या ११ हजारांची किंमत १०,२८० वरून ९,८२१ होते, म्हणजे साडेचार टक्क्यांनी घटते. पाचव्या वर्षीच्या रकमेची मात्र ७,८४३ वरून ६,२४२ होते, म्हणजे वीस टक्क्यांनी घटते. दर वाढवला की जी वर्षे जितकी लांब तितकी जास्त कापली जातात. फ्रीझरचा खरा धोका तर पहिल्याच वर्षात असतो. गिऱ्हाईक या दुकानात आइस्क्रीमसाठी येते की नाही, हे पहिल्या उन्हाळ्यातच कळते. त्यामुळे ठेवीचा दर तसाच ठेवून नफ्याचा आकडा खाली आणावा, वाईट हंगामाचा वेगळा हिशेब मांडावा आणि कितपत घसरण सोसेल ते पाहावे. हा मार्ग जास्त प्रामाणिक आहे, कारण धोका जिथे आहे तिथेच तो दिसतो.

दुसरी मर्यादा पैसा कोणाचा आहे यावर अवलंबून आहे. दुकानदाराचे बँकेत कॅश क्रेडिट खाते असेल आणि त्यावर १४ टक्के व्याज चालू असेल, तर हातातला चाळीस हजारांचा सर्वांत चांगला उपयोग ठेव हा नाही. सीसी खात्यात भरले की ते १४ टक्के वाचवतात. तोच त्याचा वटाव दर. त्या दराने फ्रीझरची आजची किंमत ४०,३६० येते, म्हणजे जेमतेम बरोबरी. गावोगावी अशी दुकाने दिसतात, जिथे मुलीच्या लग्नासाठी म्हणून ठेव आहे आणि त्याच वेळी सीसीही वापरात आहे. मालक मनात ठेवीचा दर धरतो आणि व्याज भरतो चौदाचे. अशा वेळी ठेव न मोडता तिच्यावर कर्ज काढता येते. त्याचा दर साधारणपणे ठेवीपेक्षा एक-दोन टक्केच जास्त असतो. नऊ टक्क्यांनी हाच फ्रीझर ४६ हजारांचा ठरतो. यंत्र तेच, गिऱ्हाईक तेच, पैसा कुठून आला एवढाच फरक.

तिसरी मर्यादा सर्वांत नाजूक आहे. घाऊक व्यापाऱ्याचे पन्नास हजारांचे बिल तीस दिवसांत द्यायचे आहे. आज रोख दिले तर दोन टक्के सीडी, म्हणजे एक हजार रुपये सूट. आज द्यायचे ४९ हजार सात टक्क्यांच्या दराने महिनाभर ठेवले तर सुमारे २८२ रुपये मिळतात. (प्रत्यक्षात महिनाभराच्या ठेवीचा दर याहूनही कमी असतो.) सीसीतून उचलले तर सुमारे ५६४ रुपये व्याज पडते. दोन्हींपेक्षा हजार जास्त. सूट घ्यावी, हे उघड आहे. वर्षाच्या भाषेत ही दोन टक्के सूट २४ टक्क्यांच्या वर जाते, आणि ‘दोनच तर टक्के’ म्हणून ती सोडणाऱ्याला हे सहसा जाणवत नाही.

पण समजा दिवाळी पंधरा दिवसांवर आहे, हातात फक्त हेच ४९ हजार आहेत आणि सीसीची मर्यादा संपलेली आहे. याच पैशांत रवा, बेसन, तूप आणले तर ते सहा टक्के सुटून पंधरवड्यात उठते. म्हणजे २,९४० रुपये. मग ना ठेवीचा दर उपयोगी, ना सीसीचा. पैसाच तुटपुंजा असला की सोडून द्याव्या लागणाऱ्या सर्वांत चांगल्या सौद्याचा परतावा हाच वटाव दर होतो. अशी अवस्था आहे की नाही हे ओळखणे कठीण नाही. पैसे नसल्यामुळे, नक्की खपला असता असा माल गेल्या महिन्यात आणायचा राहिला का, एवढेच विचारायचे.

इथेच एक फसवा हिशेबही केला जातो. ‘माझा पैसा वर्षात बारा वेळा फिरतो, दर फेरीला आठ टक्के सुटतात, म्हणजे माझा दर ९६ टक्के’ असे म्हणून दुकानदार फ्रीझर आणि सीडी दोन्हींना नकार देतो. बारा फेऱ्या आणि आठ टक्के ही दुकानातल्या सगळ्या पैशाची सरासरी झाली. प्रश्न जादा पैशाचा असतो. बिस्किटांची बारा खोकी महिन्यात खपत असतील, तर तेरावे खोके आणल्याने गिऱ्हाईक वाढत नाही. ते फळीवर पडून राहते आणि पुढच्या महिन्याची खरेदी तेवढी कमी होते. त्या खोक्यात अडकलेल्या पैशाने जादा नफा मिळवलेलाच नसतो. दिवाळीचा रवा-बेसन त्याहून वेगळा, कारण माल नसेल तर ती विक्री शेजारच्या दुकानात जाते. म्हणून दुकानातला परतावा वटाव दर म्हणून घेण्याआधी, पैसे वाढवले तर विक्री खरोखर वाढते का, हे वहीतून पडताळावे लागते. बहुतेक साध्या महिन्यांत ती वाढत नाही. मग जादा पैसा शेवटी बँकेतच पडणार असतो, आणि कर्ज नसेल तर ठेवीचाच दर पुन्हा बरोबर ठरतो.