दुसऱ्या कंपनीची मेल गटाला आली, तर उत्तर कसं द्यायचं?

मैत्रिणींनो, कुंभवली-बोईसर भागातल्या गटांचा व्यवहार आता मेलवरही चालतो. तारापूर एमआयडीसीतल्या कंपन्या नाश्त्याची, डब्याची ऑर्डर मेलने पाठवतात. गटांची नावं मात्र सारखीच. सावित्री, जिजाऊ, साई या नावाचे गट गावोगाव आहेत आणि याच नावाचे केटरर्सही आहेत. पाठवणाऱ्याने दोन अक्षरं टाइप केली की मेल पुढचा पत्ता स्वतःच सुचवते. घाईत भलत्याच पत्त्यावर बोट पडतं आणि दुसऱ्याची ऑर्डर आपल्याकडे येते.

समजा, सोमवारी दुपारी गटाच्या मेलवर एक ऑर्डर आली. शुक्रवारी सकाळी ९ वाजता ४०० नाश्त्याची पाकिटं हवी आहेत. वर नाव एका केटरर कंपनीचं आहे आणि सोबत दरपत्रक जोडलंय. आपण ती कंपनी नाही. मग काय करायचं?

गप्प बसू नका. पाठवणाऱ्याला वाटतं, ऑर्डर पोचली. खऱ्या केटररला काहीच माहीत नाही. शुक्रवारी ४०० कामगार नाश्त्यावाचून राहतील. सोमवारीच कळवलं, तर सुधारायला तीन दिवस मिळतात.

पण उत्तर देण्याआधी मेल खरी आहे का ते बघा. पाठवणाऱ्याचा पूर्ण पत्ता उघडून वाचा, नुसतं नाव वाचून चालत नाही. मेलमध्ये लिंक दाबायला, ओटीपी द्यायला किंवा आधी पैसे भरायला सांगितलं असेल, तर ती चुकून आलेली नाही, फसवायला आलेली आहे. तिला उत्तरच द्यायचं नाही. जोडलेली फाइलही उघडू नका. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करा.

मेल खरी वाटली, तर ‘रिप्लाय’ दाबा, ‘रिप्लाय ऑल’ नको. मेल आणखी पाच जणांना गेली असेल, तर पाठवणाऱ्याची चूक पाचांसमोर कशाला? त्यांना काय सांगायचं ते पाठवणारा ठरवेल. मजकूर एवढाच पुरे:

“नमस्कार. आपली आज दुपारी पाठवलेली ऑर्डरची मेल चुकून आमच्या बचत गटाच्या पत्त्यावर आली आहे. ज्या कंपनीच्या नावे ती आहे, ती आम्ही नाही. ही ऑर्डर आम्ही स्वीकारलेली नाही व मेल कोणालाही पुढे पाठवलेली नाही. कृपया योग्य पत्ता तपासून पुन्हा पाठवावी. आपलं उत्तर आलं की मूळ मेल आम्ही काढून टाकू. – सचिव, (गटाचं नाव, गाव)”

यातलं ‘स्वीकारलेली नाही’ हे वाक्य गाळू नका. बऱ्याच जणी सवयीने ‘ओके, मिळाली’ एवढंच लिहितात. समोरचा त्याचा अर्थ होकार असा घेतो, आणि शुक्रवारी ‘माल कुठाय?’ म्हणून फोन आपल्याला येतो.

ती मेल खऱ्या केटररला आपण परस्पर फॉरवर्डही करू नये. रिप्लायमध्ये जोडलेली फाइल परत जात नाही, फॉरवर्डमध्ये मात्र जाते. आपला अंदाज चुकला, तर दरपत्रक तिसऱ्याच्याच हाती पडेल. वितरण उद्यावर आलं असेल, तर मेलसोबत कंपनीच्या गेटवर किंवा ऑफिसात फोन करून सांगा.

आता अवघड भाग. आपला गटही नाश्ता बनवतो, आणि दुसऱ्याचा दर आपल्याला दिसलाय. त्याहून दोन रुपये कमी दर टाकायचा मोह होणारच. तसं केलं आणि कळलं, तर ती कंपनी पुन्हा आपल्या गटाशी मोकळेपणाने व्यवहार करणार नाही. दरपत्रक उघडलं नसेल तर उघडू नका, स्क्रीनशॉट काढू नका, गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकू नका. काम हवं असेल, तर नंतर स्वतंत्र मेल लिहा आणि त्यात आपल्या खर्चावरून काढलेला दर द्या.

उत्तर आल्यावर मेल काढताना एक काळजी घ्या. जीमेलमध्ये मूळ मेल आणि आपलं उत्तर एकाच साखळीत असतात. अख्खी साखळी काढली, तर आपण कळवल्याचा पुरावाही जातो. म्हणून फक्त त्यांची मेल उघडून, तिच्या बाजूच्या तीन टिंबांतून तेवढीच काढा. ती ३० दिवस कचरापेटीत राहते, तिथूनही काढून टाका. बैठकीच्या वहीत ‘अमुक तारखेला चुकून आलेली मेल कळवली’ एवढीच नोंद करा, दर लिहू नका.

परत परत अशा मेल येत असतील, तर आपला पत्ता तपासा. जीमेल टिंब मोजत नाही. savitri.gat आणि savitrigat हे तिथे एकच खातं असतं. त्यामुळे टिंब टाकून नाव वेगळं होत नाही. नवीन खातं काढताना गटाच्या नावापुढे गावाचं नाव जोडलं, तर गोंधळ बराच कमी होतो.