पट्टीतली कापलेली रक्कम

टोमॅटो ५०,००० रुपयांना विकला, पण अडत्याकडून हातात आले ३४,०००. बहुतेक शेतकरी वहीत ३४,०००च विक्री लिहितात. तिथेच हिशेब बिघडतो. पट्टी नीट वाचा: गाडीभाडे ४,८००, हमाली-तोलाई १,२००, उचल १०,०००.

विक्री खात्यात पूर्ण ५०,००० जमा करा. भाडे आणि हमाली-तोलाई मिळून ६,००० विक्रीखर्चाला नावे टाका, बँकेला ३४,०००. उचल मात्र खर्च नव्हे. ती लागवडीवेळी घेतलेली उसनवारी फिटली, म्हणून १०,००० अडत्याच्या उचल खात्याला नावे. पैसे यायचे असतील, तर बँकेऐवजी अडत्याकडे येणे दाखवा.

आणि पट्टीत अडत कापलेली दिसली, तर जाब विचारा. महाराष्ट्रात फळे-भाजीपाल्यावरची अडत २०१६ पासून खरेदीदाराने द्यायची आहे.