जर्सी कुठे मळते

रीडिंगच्या एका हौशी फुटबॉल क्लबात पाच नंबरच्या जर्सीतला मुलगा तीन शनिवार घसरून टॅकल करत नव्हता. हे प्रशिक्षकाच्या लक्षात आलं नाही, कर्णधाराच्या नाही आणि त्या मुलाच्याही नाही. लक्षात आलं ते कपडे धुणाऱ्या काकांच्या. उजव्या पायाने टॅकल करणारा खेळाडू डावा पाय दुमडून घसरतो, म्हणजे त्याच्या चड्डीची डावी बाजू कमरेपासून मांडीपर्यंत चिखलाने माखायला हवी. या पोराची ती बाजू कोरी येत होती आणि चिखल होता तो दोन्ही गुडघ्यांवर.

"तसा चिखल तोल जाऊन हातापायांवर पडणाऱ्याचा असतोय," काका म्हणाले. "घसरणाऱ्याचा न्हवं."

परदेशातल्या मराठी माणसांवर काहीतरी लिहा, पण आयटी नको आणि गणेशोत्सव नको, असं संपादकांनी बजावलं होतं. रीडिंगमध्ये या दोन्हींपासून दूर जायचं तर जरा शोधावं लागतं. लंडनहून रेल्वेने अर्ध्या तासावर असलेलं हे गाव. थेम्स आणि केनेट या नद्या इथे मिळतात, आणि एके काळी हंटली अँड पामर्सच्या बिस्किटांवर गावाचं पोट चालायचं. १८७१ साली स्थापन झालेल्या रीडिंग फुटबॉल क्लबला त्यावरूनच जुने लोक 'बिस्किटमेन' म्हणत. आडव्या निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी घालणारा तो क्लब १९९८ मध्ये एल्म पार्कचं जुनं मैदान सोडून गावाबाहेरच्या मोठ्या स्टेडियममध्ये गेला. २००५-०६ मध्ये १०६ गुण मिळवून तो प्रीमियर लीगमध्ये चढला. पुढे मालकाच्या आर्थिक घोळात गुण कापले जात २०२३ मध्ये तिसऱ्या पायरीवर घसरला. त्याची गोष्ट मोठी आहे आणि ती सांगणारे पुष्कळ आहेत. मला भेटायचं होतं ते त्याच गावात, नदीकाठच्या सार्वजनिक मैदानावर खेळणाऱ्या एका छोट्या क्लबाच्या किटमनला.

काका मूळचे कोल्हापूरचे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालमीची मॅच असली की शाळेला दांडी, हे त्यांचं बालपण. नोकरी इचलकरंजीच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये, कापड रंगवण्याच्या खात्यात. निवृत्तीनंतर मुलाकडे रीडिंगला आले. नातवाला मैदानावर सोडायला जाताजाता क्लबाच्या कपड्यांची दशा पाहिली आणि न राहवून म्हणाले, द्या इकडं. क्लबातली सगळी गोरी-काळी पोरं त्यांना काकाच म्हणतात.

त्यांची धुण्याची खोली म्हणजे क्लबहाऊसच्या मागचं एक शेड. दोन घरगुती मशिनं, एक सिंक, छताखाली आडव्या ताणलेल्या दोऱ्या. शनिवारी संध्याकाळी सोळा जर्स्या, सोळा चड्ड्या आणि मोज्यांचे सोळा जोड तिथे येतात. मला वाटलं होतं लगेच मशीन सुरू होईल. काकांनी सगळं दोरीवर टाकलं आणि पंखा लावला.

ओला चिखल मशिनात घातला की तो पाण्यात विरघळून सगळ्या कपड्यांवर पुन्हा बसतो, आणि उरलेला गाळ फिल्टर तुंबवतो. वाळलेला चिखल झटकला आणि कडक ब्रशने घासला की बराचसा खाली पडतो. मग थंड पाण्याची नुसती एक खळखळ. रक्ताचा डाग असेल तर गरम पाणी बिलकूल नाही, गरम पाण्यात रक्त शिजतं आणि धाग्यात पक्कं बसतं. त्यानंतर जर्स्या उलट्या करून तीस अंशावर, म्हणजे पाठीवरचे चिकटवलेले आकडे ड्रमला घासत नाहीत. मोजे वेगळे, चाळीस अंशावर. त्याआधी प्रत्येक मोज्यात हात घालून तो पुरता उलगडायचा आणि घोट्यावरची चिकटपट्टी सोलून काढायची. पोरं मोजा काढतात तो गोळा करून. त्या गोळ्याच्या पोटात पाणी पोचत नाही आणि पुढच्या शनिवारी बूट घालताना सगळ्या खोलीला कळतं.

सॉफ्टनरला या शेडमध्ये बंदी आहे. जर्सीचं पॉलिएस्टर घाम शोषत नाही, तो धाग्यांमधल्या फटींतून बाहेर ओढून नेतं. सॉफ्टनर त्या फटींवर मेणासारखा थर चढवतो. जर्सी हाताला मऊ लागते, पण घाम आत कोंडतो आणि वासही. दुसरं दुखणं पाण्याचं. रीडिंगच्या आजूबाजूला चुनखडीच्या टेकड्या आहेत, त्यामुळे नळाला येतं ते चांगलंच जड पाणी. साबण कामाला लागायच्या आधी पाण्यातल्या क्षारांशीच झुंजतो, आणि कमी पडला तर सुटलेला मळ परत कापडावर बसून पांढऱ्या मोज्यांना करडी कळा येते. काका पाकिटावर छापलेल्या मापात जड पाण्याचा रकाना बघतात आणि दर महिन्याला रिकाम्या मशिनात सायट्रिक ॲसिड फिरवतात. "पंचगंगेच्या पाण्याला नावं ठेवायचो आम्ही," ते म्हणाले आणि पुढचं वाक्य गिळलं.

हे सगळं कुठल्याही चांगल्या परटाला येईल. काकांचं वेगळेपण ब्रश हातात घेण्याआधीच्या दहा मिनिटांत आहे. दोरीवर वाळत टाकताना ते कपडे नंबराप्रमाणे लावतात आणि नुसते बघत राहतात. त्यासाठी त्यांनी क्लबाकडून एकच अट मान्य करून घेतली होती, ती म्हणजे हंगामभर एका पोराला एकच नंबर. त्याशिवाय या आठवड्याचा चिखल मागच्या आठवड्याच्या चिखलाशी जुळवता येत नाही. काही खुणा त्यांनी मला दाखवल्या. एका जर्सीच्या बाह्यांचे काठ सैल पडलेले होते, कारण तो पोरगा मॅच सुरू होण्याआधी बाह्या ओढून तळहातात धरतो. दुसऱ्याची कॉलर ओलसर, चावलेली. तो बदली खेळाडू, बाकावर बसून चावतो. एका मोज्याच्या टाचेवर वाटाण्याएवढा तपकिरी ठिपका. नवे बूट घेतलेत, कुणाला सांगितलं नाही आणि फोड घेऊन खेळतोय.

त्या पाच नंबरवाल्याचं पुढे असं झालं. काकांनी प्रशिक्षकाला काही सांगितलं नाही. मोजे द्यायच्या निमित्ताने त्याला गाठलं आणि विचारलं, जिना उतरताना कुठला गुडघा दुखतो? पोरगा चमकला. डावा. चढताना काही नाही, उतरताना दुखतं, बराच वेळ बसून उठलं की दुखतं. घसरताना दुमडलेल्या त्याच गुडघ्यावर भार येतो, म्हणून शरीराने आपसूक घसरणं टाळलं होतं आणि तो उभ्याउभ्या पाय घालून तोल घालवत होता. काकांनी त्याला आठवड्याची मुदत दिली, तू सांग नाहीतर मी सांगतो. त्याने सांगितलं. फिजिओने गुडघ्याच्या वाटीखालचा स्नायुबंध दुखावल्याचं निदान केलं, महिनाभर खेळ बंद आणि मांडीचे व्यायाम. तो परतल्यावरच्या दुसऱ्या मॅचची चड्डी काकांनी मला हौसेने वर्णन करून सांगितली, डावी बाजू चिखलाने थापलेली.

मी भारावलो होतो हे कबूल, पण या विद्येची हद्दही काकांनीच दाखवली. सप्टेंबरात मैदान कोरडं असतं, तेव्हा कपडे काहीच बोलत नाहीत. कृत्रिम गवतावर मॅच असली तर चिखलच नाही, मोज्यांतून नुसते काळे रबरी कण निघतात आणि मशिनाच्या फिल्टरमध्ये जाऊन बसतात. एकदा गोलकीपरची जर्सी लागोपाठ स्वच्छ आली म्हणून पोरगं भ्यायलंय असा त्यांचा समज झाला. प्रत्यक्षात समोरच्या दोन्ही संघांनी गोलकडे धड चेंडूच मारला नव्हता.

मध्यंतरी मात्र हे शेड बंद व्हायच्या बेतात होतं. विजेचं बिल क्लबाला पेलत नाही. त्यात हिवाळ्यात थेम्सचं पाणी काठच्या मैदानात शिरतं, मॅचेस रद्द होतात आणि चहा-सँडविचच्या विक्रीतून येणारे पैसेही बुडतात. समितीने तोडगा काढला, ज्याचा त्याने आपला किट घरी न्यावा आणि धुवावा. पुष्कळ छोट्या क्लबांत आता हीच रीत आहे आणि हिशेबाने पाहिलं तर समितीचं चुकत नाही.

गेल्या हंगामात दोन महिने हा प्रयोग झाला. क्लबाची जर्सी गडद मरून, मोजे पांढरे. एकाने दोन्ही एकत्र साठ अंशावर लावले आणि मोजे गुलाबी झाले. काकांना याचं नवल वाटलं नाही. पॉलिएस्टर रंगवतात ते दाबाखाली, एकशेतीस अंशांच्या आसपास, म्हणून साध्या धुण्यात तो रंग फारसा सुटत नाही. पण स्वस्तातल्या गडद कापडावर जादा रंग नुसता चिकटून राहिलेला असतो. तो गरम पाण्यात निघतो आणि मोज्यांतलं नायलॉन त्याला लगेच धरतं. दुसऱ्याने ड्रायर पूर्ण तापवला, तर नऊचा आकडा तडकून सुटायला लागला. तिसऱ्याच्या आईने प्रेमाने सॉफ्टनर घातला. दोन महिन्यांनी सोळा जण रांगेत उभे राहिले तेव्हा मरूनच्या पाच-सहा छटा दिसत होत्या. १९९६ मध्ये साउदॅम्प्टनच्या मैदानावर मँचेस्टर युनायटेड तीन गोलांनी मागे असताना मध्यंतरात करड्या जर्स्या बदलून आली होती. आपलेच गडी गर्दीत ओळखू येत नव्हते, असं त्यांचा प्रशिक्षक फर्ग्युसनचं म्हणणं. त्याची आठवण काढून इथल्या कर्णधाराने काकांची चेष्टा केली, काका हसले नाहीत.

रंगाचं त्यांना फारसं दुःख नव्हतं. त्याच दोन महिन्यांत अकरा नंबरचा विंगर मांडीचा मागचा स्नायू फाटून पडला. कपडे हाताखालून गेले असते तर आधी कळलं असतं का, असं मी विचारलं.

"काय सांगावं," काका म्हणाले. "स्नायू एकदम बी जातोय. पण मी बघितलं असतं, एवढंच."

नव्या हंगामासाठी समितीशी तडजोड झाली आहे. जर्सी आणि चड्डी खेळाडूंच्या घरी, मोजे काकांकडे. एका मशिनाचं काम, बिल निम्म्याहून कमी. काकांनी त्यात आपली एक मागणी घुसवली. शनिवारी मॅच संपल्यावर चड्ड्या पिशवीत भरण्याआधी पाच मिनिटं खुंट्यांवर नंबरवार टांगायच्या. पोरांना उघडंवाघडं थंडीत थांबायचा कंटाळा येतो, आणि कर्णधार म्हणतो की नोव्हेंबरच्या पुढे ती थांबायची नाहीत. काकांनी मुलाला सांगून शेडमधला पंखा आणि एक छोटा हीटर कपडे बदलायच्या खोलीत हलवला आहे. त्याच्या विजेचे पैसे कोण भरणार हा विषय समितीच्या पुढच्या बैठकीत येणार आहे.