अक्षरांचा उठाव

शाळेच्या सभागृहात पडदा लावलेला आहे आणि त्यावर शिक्षक एकामागून एक स्लाइड दाखवीत आहेत. एका स्लाइडवर पांढऱ्या पार्श्वभूमीवर पिवळ्या अक्षरांत मथळा लिहिला आहे. पुढच्या बाकावरील मुले तो कसाबसा वाचतात. मागच्या बाकावरील मुलांना मात्र पडदा कोराच वाटतो. अक्षरे लहान नाहीत, मग ती दिसत का नाहीत? अक्षर डोळ्यांत भरते ते आकाराने जितके, तितकेच पार्श्वभूमीवरील उठावाने. आणि पिवळा व पांढरा हे दोन्ही रंग जवळजवळ सारखेच उजळ आहेत.

हा उठाव मोजता येतो. संगणकाच्या पडद्यावरील प्रत्येक ठिपका, म्हणजे पिक्सेल, तांबड्या, हिरव्या व निळ्या प्रकाशाच्या मिश्रणाने बनतो. प्रत्येक प्रकाशाची मात्रा ० ते २५५ या अंकांनी सांगतात. येथे एक गंमत आहे. १२८ हा अंक २५५ च्या निम्मा दिसतो, पण त्याने मिळणारा प्रकाश शेकडा बावीसच्या आसपासच असतो. म्हणून प्रथम अंकांचे रूपांतर खऱ्या प्रकाशात करावे लागते. मग उजळपणा काढताना हिरव्याला सुमारे ७२, तांबड्याला २१ आणि निळ्याला अवघे ७ शतांश महत्त्व देतात, कारण आपल्या डोळ्याला हिरवा प्रकाश सर्वांत उजळ भासतो. काळ्याचा उजळपणा ०, तर पांढऱ्याचा १ येतो. दोन्ही रंगांच्या उजळपणात ०.०५ मिळवून मोठ्या संख्येला लहान संख्येने भागले की उठावाचे गुणोत्तर मिळते. काळे अक्षर पांढऱ्यावर असेल तर ते २१ येते. पिवळे अक्षर पांढऱ्यावर असेल तर जेमतेम १.०७!

किती गुणोत्तर पुरे, याचा नियम डब्ल्यू-३-सी या संस्थेने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे. साधारण अक्षरांना ४.५ आणि मोठ्या अक्षरांना ३ हवे. ४.५ हा आकडा कोठून आला? चांगल्या दृष्टीच्या माणसाला ३ पुरते. परंतु निरोगी डोळ्याला जे चाळीस फुटांवरून वाचता येते, ते ज्याला वीस फुटांवरूनच वाचता येते, त्याला दीडपट उठाव लागतो. आणि तीन दीडे साडेचार. या नियमात आकडा वर ओढून घेण्याची सवलत नाही. पांढऱ्यावर ११९ अंकाचा करडा रंग घेतला, तर गुणोत्तर ४.४८ येते आणि तो नापास होतो. ११८ चा मात्र पास होतो.

स्लाइडची मूळ फाइल हाती असेल, तर अक्षरांचा रंग तीत नोंदलेला असतो. परंतु स्लाइडचे नुसते चित्र असले, तर यंत्राला ठिपक्यांखेरीज काहीच ठाऊक नसते. तेव्हा अक्षरे ओळखणारा प्रोग्रॅम प्रथम प्रत्येक शब्दाभोवती चौकट आखतो. मग चौकटीतील ठिपके उजळ व गडद अशा दोन गटांत वाटले जातात. एक गट अक्षरांचा, दुसरा पार्श्वभूमीचा.

खरी फसगत येथेच होते. अक्षरांच्या कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून तेथे मधल्या रंगाचे ठिपके पेरलेले असतात. समजा, अक्षर १०० अंकाच्या करड्या रंगाचे असून पार्श्वभूमी पांढरी आहे. खरे गुणोत्तर ५.९, म्हणजे उत्तम. पण कडेचा ठिपका १७८ चा असतो आणि त्याचे गुणोत्तर २.१ भरते. यंत्राने कडेलाच अक्षर मानले, तर ते चांगल्या स्लाइडला नापास ठरवील. म्हणून कडेचे ठिपके वगळून अक्षराच्या गाभ्यातील रंग घ्यावा लागतो. देवनागरीत याची विशेष पंचाईत होते. बारीक अक्षरांतील अनुस्वाराला कधी कधी गाभाच नसतो. तो सारा कडेच्याच ठिपक्यांचा असतो. त्याचा उठाव कमी पडून तो नाहीसा झाला, तर ‘चिंता’ची ‘चिता’ होते!

पार्श्वभूमीला छायाचित्र असेल, तर सरासरीही फसवते. पांढऱ्या मथळ्याची दहा अक्षरे आहेत असे धरा. नऊ अक्षरांमागे ६४ अंकाचा गडद डोंगर आहे, तर दहाव्यामागे २०० अंकाचा फिकट ढग. पार्श्वभूमीच्या उजळपणाची सरासरी घेऊन गुणोत्तर काढले, तर ते ६.८ येते आणि यंत्र खुशाल ‘पास’ म्हणते. प्रत्यक्षात नऊ अक्षरांचे गुणोत्तर १०.४ आहे आणि दहाव्याचे अवघे १.७, ते ढगात विरून गेलेले असते. म्हणून चांगला प्रोग्रॅम प्रत्येक अक्षराभोवतीची जागा निरनिराळी तपासतो आणि सर्वांत वाईट जागेचा निकाल सांगतो. अशा मथळ्यामागे गडद पट्टी घातली की दोष दूर होतो.

एवढे करूनही यंत्र चित्रच तपासते, सभागृह नव्हे. खिडकीतून आलेले ऊन पडद्यावर पडले, की काळा भागही करडा होतो आणि ४.५ चे गुणोत्तर पडद्यावर २ च्याही खाली येऊ शकते. ते पाहण्यासाठी शिक्षकांना शेवटच्या बाकावर जाऊन बसावे लागते.