भवानीच्या वेळी ‘पनवती’

थाई भाषेत ‘सुअय’ असे ऐकू येणारे दोन शब्द आहेत. एकाचा अर्थ सुंदर. दुसऱ्याचा अर्थ कमनशिबी, बोलीत सांगायचे तर पनवती. दोन्हींत व्यंजन तेच, स्वरही तेच. फरक फक्त आवाजाच्या चढउताराचा. परदेशी पर्यटकाने बाजारात मालाचे कौतुक करायला जावे आणि दुकानदाराच्या तोंडावर अपशकुन करून बसावे, ही थायलंडमधल्या गमतीच्या किश्श्यांतली नेहमीची गोष्ट या जोडीवरच उभी आहे.

गोष्ट साधारण अशी घडते. बँकॉकचा चतुचक बाजार मुख्यतः शनिवार-रविवारी भरतो. सकाळी दुकाने नुकती उघडत असताना एक पर्यटक सुती ओढण्यांच्या गाळ्यापाशी थांबतो. खिशात संभाषणाची छोटी पुस्तिका आहे. तिच्यातले घासाघिशीचे पान त्याने आदल्या रात्री पाठ केले आहे. निळी ओढणी हातात घेऊन तो किंमत विचारतो. बाई गणकयंत्रावर ३०० आकडा दाखवतात. आधी वाखाणायचे, मग भाव पाडायचा, हा रिवाज त्यालाही ठाऊक आहे. म्हणून तो पुस्तिकेतले वाक्य म्हणतो: ‘सुअय माक, तै फेंग’. म्हणजे फार सुंदर, पण महाग. पाठ केलेले वाक्य जसे सपाट सुरात येते, तसेच ते येते.

बाईंना ऐकू येते: ‘पनवती आहे नुसती, वर महाग.’

त्यांचे हसू मावळते. त्या ओढणी त्याच्या हातातून घेऊन घडी घालू लागतात. याला वाटते, भाव पटला नाही म्हणून रुसल्या. म्हणून तो तेच वाक्य पुन्हा, जरा मोठ्याने आणि ठासून म्हणतो. ठासून बोलताना आवाज आणखी सपाट होतो, आणि आता शेजारच्या गाळ्यातला माणूसही वळून पाहतो.

बाईंना एवढे लागायला कारण आहे. दिवसाची पहिली विक्री थाई विक्रेत्यांना आपल्याकडच्या भवानीइतकीच महत्त्वाची वाटते. तिला ते ‘प्रदेम’ म्हणतात. पहिल्या गिऱ्हाइकाकडून मिळालेली नोट दुकानातल्या मालावर टपटप आपटायची आणि ‘हेंग, हेंग’ म्हणायचे, अशी तिथली पद्धत आहे. ‘हेंग’ म्हणजे भरभराट, भाग्य. आणि त्याचा नेमका उलट शब्द म्हणजे सपाट सुरातला ‘सुअय’. पर्यटकाने साधी शिवी दिली असती तर परका माणूस म्हणून ती सोडून देता आली असती. त्याने भवानीच्या आधी, मालाकडे बोट दाखवून, नेमका तोच शब्द उच्चारला.

पुढे शेजारचा विक्रेता मध्ये पडतो. तो पुस्तिका मागून घेतो, त्या ओळीवर बोट ठेवतो आणि हसायला लागतो. मग हाताने हवेत खालून वर जाणारी रेघ काढत शब्द नीट म्हणून दाखवतो. पर्यटक रेघेबरोबर आवाज चढवतो. बाई हसतात, सौदा २५० बाथना तुटतो आणि ती नोट ओढण्यांवर टपटप फिरते.

आता चूक कुठे झाली ते पाहू. विनोदी नाटुकल्यांत अशा वेळी पुस्तिकाच बनावट असते. ब्रिटनच्या मॉन्टी पायथन मंडळींनी १९७० साली दूरचित्रवाणीवर अशाच एका खोडसाळ हंगेरियन पुस्तिकेची गंमत केली होती. बाजारातल्या गोष्टीत मात्र पुस्तिका खोटी नसते, अपुरी असते. थाई शब्द रोमन लिपीत लिहिण्याची थायलंडची अधिकृत पद्धत सूर दाखवतच नाही, ऱ्हस्व-दीर्घही दाखवत नाही. रस्त्यांच्या पाट्यांसाठी ती पुरते. पण तिच्यात सुंदर आणि पनवती हे दोन्ही शब्द एस, यू, ए, आय अशा त्याच चार अक्षरांनी लिहिले जातात. ही पद्धत जशीच्या तशी उचलणाऱ्या पुस्तिकेत वाचकाला फरक कळायला जागाच राहत नाही.

थाईमध्ये पाच सूर आहेत: मध्यम, खालचा, पडता, वरचा आणि चढता. ‘सुंदर’ला चढता सूर लागतो, ‘पनवती’ला मध्यम. मराठी माणसाला चढता सूर जमतो, फक्त तो शब्दासाठी वापरायची सवय नसते. कोणी नवलाची बातमी सांगितल्यावर आपण ‘हो?’ म्हणतो, तेव्हा आवाज आधी किंचित दबून वर जातो. चढता सूर जवळपास तोच. वर्गात हजेरी देताना म्हटलेला ‘हो’ म्हणजे मध्यम. आपल्याकडे सुराने वाक्याचा भाव बदलतो, शब्द तोच राहतो. म्हणूनच विधान करताना आपला आवाज आपोआप सपाट होतो, आणि कौतुक हे तर विधानच असते.

थाई लिपीत हा घोटाळा होत नाही, याचे कारण मराठी वाचकाला खास आवडावे. त्या लिपीत ‘स’ या एकाच ध्वनीला चार अक्षरे आहेत. त्यांतली तीन आपल्या श, ष आणि स यांच्या जागची. दक्षिण भारतातून ख्मेर लिपीमार्गे तिथे पोचलेली. आज तिन्हींचा उच्चार ‘स’ असाच होतो. चौथे अक्षर थाई भाषेच्या गरजेतून आलेले. पहिली तीन ‘उच्च’ वर्गातली मानतात, चौथे ‘नीच’ वर्गातले, आणि शब्दाचा सूर ठरवण्यात या वर्गाचा मोठा वाटा असतो. सुंदर हा शब्द आपल्या ‘स’च्या जागच्या अक्षराने लिहितात, म्हणून सूर चढतो, पनवती चौथ्या अक्षराने, म्हणून सूर मधलाच राहतो. वर सुराची वेगळी खूण दोन्हींपैकी एकावरही नसते. अक्षर ओळखले की सूर कळला.

देवनागरीत लिहिलेली थाई पुस्तिका या बाबतीत रोमनपेक्षा अर्धे पाऊल पुढे असते. कोंबडी म्हणजे ‘कै’ आणि अंडे म्हणजे ‘खै’, हा फरक इंग्रजी वाचणाऱ्याला अवघड जातो, आपल्याला सहज कळतो. ऱ्हस्व-दीर्घही लिहिता येतात. सुरासाठी मात्र देवनागरीतही खूण नाही, त्यामुळे ‘सुअय’पाशी दोन्ही लिप्या सारख्याच तोकड्या पडतात.

बाजारात प्रत्येक वेळी असा प्रसंग ओढवतो असे मात्र नाही. परका माणूस हसतमुखाने ओढणी न्याहाळत असेल तर बहुतेक विक्रेते चुकीचा सूरही मनातल्या मनात दुरुस्त करून घेतात. वाक्याच्या शेवटी पुरुषाने ‘ख्रप’ आणि स्त्रीने ‘खा’ हा आदराचा शब्द जोडला तर हेतूबद्दल शंका उरत नाही, कारण शिव्याशाप देणारा माणूस तो जोडत नाही. बिनसले हे ओळखायची खूण म्हणजे समोरच्याचे अचानक गप्प होणे. तेव्हा तेच वाक्य मोठ्याने म्हणणे हा सर्वांत वाईट उपाय. ‘खॉ थोत’ म्हणजे माफ करा, एवढे म्हणावे आणि भावाचे काम गणकयंत्रावर सोडावे.

पुस्तिका विकत घेण्याआधी तिच्यात ‘सुंदर’ हा शब्द उघडून पाहावा. त्यावर चढत्या सुराची खूण असेल तरच ती घ्यावी.